नेमणूकपत्र नाही, फक्त तोंडी शब्द: नोकरी सिद्ध कशी करायची आणि हक्काचे पैसे कसे मागायचे

"हा माणूस आमच्याकडे कामाला होता कशावरून?" मालक हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो तो बहुतेक वेळा कामगार अधिकाऱ्यासमोर. तोवर वर्षानुवर्षं तो त्याच माणसाला नावाने हाक मारत असतो, त्याच्याकडे गोदामाच्या किल्ल्या देत असतो, महिन्याला पगार मोजत असतो. कागद मागितला की "आपल्यात कागद कशाला?" हे उत्तर ठरलेलं. भांडण झालं की तोच नसलेला कागद त्याचा पहिला बचाव होतो.

नेमणूकपत्र नसलं म्हणून नोकरी नव्हती, असं कायदा कुठेच म्हणत नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो. शिवाय कामगार कायद्यांतले बरेचसे हक्क करारातून येतच नाहीत. तुम्ही त्या आस्थापनेत काम केलं एवढ्यावरच ते मिळतात. नेमणूकपत्र देण्याची जबाबदारीही मालकाची. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनुसार दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने प्रत्येकाला नेमणूकपत्र दिलंच पाहिजे, आणि आधीपासून पत्राविना काम करणाऱ्यांना ते तीन महिन्यांत द्यायचं होतं. त्यामुळे पत्र नाही याची लाज तुम्ही बाळगायची गरज नाही. "तुम्ही पत्र का दिलं नाही?" हा प्रश्न आता मालकाला विचारता येतो.

पण सिद्ध करावं लागतं, आणि सुरुवात तुम्हालाच करावी लागते. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण ते सगळं एकाच ढिगात टाकतात: मी तिथे होतो, इतकी वर्षं होतो, मला अमुक पगार ठरला होता, पुढच्या वर्षी वाढवू म्हणाले होते. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही त्या मालकाचे कामगार होतात का? किती काळ, किती दिवस काम केलं? आणि नेमकं काय देण्याचं ठरलं होतं? तिघांचे पुरावे वेगळे आणि वजनही वेगळं. पहिला प्रश्न सुटला की बरेच हक्क आपोआप हाती येतात. तिसरा सगळ्यात अवघड, आणि नेमक्या त्याच्यावरच लोक सगळा जोर लावतात.

पुढचं सगळं एका उदाहरणावर समजून घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी प्रकरणं जिल्ह्याजिल्ह्याच्या कामगार कार्यालयांत रोज येतात. एका घाऊक मालाच्या गोदामात चौदा माणसं आहेत. एक जण माल उतरवून घेतो, चलनं तपासतो, गाड्या रवाना करतो. तो 1 मार्च 2023 ला लागला. पगार 18,000 ठरला. त्यातले 12,000 मालकाच्या पत्नीच्या खात्यातून यूपीआयने यायचे, 6,000 रोख हातात मिळायचे. वर्षभराने दोन हजार वाढवू, असं मालक म्हणाला होता. डिसेंबर 2025 चा पगार थकला, त्यावरून बोलाबोली झाली आणि 10 जानेवारी 2026 ला संध्याकाळी त्याला सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस."

पहिला प्रश्न: कामगार होतो का?

न्यायालय इथे काही ठरलेल्या खुणा पाहतं. कामावर कोणी घेतलं, पगार कोण देतं, काढून टाकण्याचा अधिकार कोणाकडे, काम काय आणि कसं करायचं हे कोण सांगतं, रजा कोणाकडे मागायची, कामात सातत्य होतं का. पुरावे गोळा करताना या खुणा डोळ्यांसमोर ठेवा. नुसते "मी तिथे होतो" दाखवणारे फोटो कमी उपयोगाचे, कारण गिऱ्हाईकही तिथे असतंच. तुम्ही त्याच्या हुकमाखाली काम करत होतात हे दाखवणारी गोष्ट हवी.

आपल्या उदाहरणातल्या कामगाराकडे काय आहे ते पाहा. त्याच्या सह्या असलेली चलनं आहेत, त्यांच्या प्रती वाहतूकदारांकडेही आहेत. व्हॉट्सअॅप गटावर मालकाचे रोजचे निरोप आहेत: "सकाळी आठला गाडी येतेय, चार माणसं घेऊन उभा राहा", "उद्या सुट्टी मिळणार नाही". दुसऱ्या निरोपाकडे नीट बघा. रजा नाकारणारा निरोप नात्याचा फार पक्का पुरावा असतो, कारण बाहेरच्या माणसाला कोणी सुट्टी नाकारत नाही. उशिरा आल्याबद्दलची रागावणी, हिशेब मागणारा निरोप, किल्ली कोणाकडे आहे याची विचारपूस, हे सगळं याच जातीचं.

यूपीआयचे 12,000 मालकाच्या पत्नीच्या खात्यातून आले म्हणून घाबरायचं कारण नाही, पण इथे मालकाला पळवाट आहे. तो म्हणेल, "ते उसने पैसे होते" किंवा "घरचं काही काम केलं त्याचे." याला उत्तर म्हणजे नियमितपणा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तीच रक्कम, अडीच वर्षांहून जास्त. उसने पैसे असे येत नाहीत, आणि परतही गेलेले नाहीत. मोबाईलचे स्क्रीनशॉट पुरेसे मानू नका. बँकेत जाऊन पहिल्या दिवसापासूनचा शिक्क्याचा खातेउतारा घ्या आणि प्रत्येक पगाराच्या नोंदीवर खूण करा.

भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसीच्या नोंदीही तपासा. पासबुकात एखाद्या कंत्राटदाराचं नाव दिसलं तर मालक तुम्हाला "कंत्राटदाराचा माणूस" म्हणणार, हे आधीच ओळखा आणि हुकूम कोण देत होता यावर जोर द्या. कर कापला जात असेल तर तो पगार म्हणून कापला की कंत्राटी कामाची किंवा व्यावसायिक फी म्हणून, हे आयकर खात्याच्या 26एएस या उताऱ्यात कळतं. फी म्हणून कापलेला दिसला की बाजी हातची गेली असं नाही, पण त्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

साक्षीदारांबद्दल एक सांगतो. अजून तिथेच काम करणारा सहकारी मनापासून तुमच्या बाजूचा असला तरी साक्षीच्या दिवशी येईलच असं नाही. त्याची नोकरी पणाला असते, त्याला दोष देऊ नये. नोकरी सोडून गेलेला जुना सहकारी, माल आणणारा गाडीचालक, शेजारच्या गाळ्यातला हमाल हे जास्त भरवशाचे. त्यांची नावं आणि नंबर आजच लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न: किती काळ?

कामावरून काढण्याच्या प्रकरणात इथेच खरी झुंज असते. शेवटच्या बारा महिन्यांत तुम्ही किमान 240 दिवस काम केलं असेल तर तुमची सेवा सलग एक वर्षाची मानतात. मग मालकाला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई दिल्याशिवाय तुम्हाला कमी करता येत नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. 240 मोजताना भरपगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि भरपगारी सण-सुट्ट्याही धरायच्या असतात. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते उगाच 220 वर थांबतात.

हे 240 दिवस कोणी सिद्ध करायचे? सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हादिमनी प्रकरणात सांगितलं की ओझं कामगारावर आहे आणि नुसतं त्याचं शपथपत्र पुरत नाही. पण 2005 मध्ये येल्लट्टी प्रकरणात त्याच न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं. रोजंदारीच्या माणसाकडे नेमणूकपत्र किंवा पगारपावती नसतेच, हे न्यायालयाने मान्य केलं. कामगाराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगावं, जे मिळेल ते दाखवावं, आणि मालकाकडची हजेरीपुस्तकं, पगारपत्रकं न्यायालयामार्फत मागावीत, असा त्याचा अर्थ. मालकाने ती दडवली तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढायचा की नाही हे प्रकरण पाहून ठरतं, पण तो निष्कर्ष मागण्याचा रस्ता तुम्हाला मोकळा होतो.

म्हणून सगळी वर्षं एकसारखी मांडत बसू नका. काढल्याच्या दिवसापासून मागे बारा महिने मोजा. आपल्या उदाहरणात 11 जानेवारी 2025 ते 10 जानेवारी 2026. या बारा महिन्यांचा एक तक्ता करा. प्रत्येक महिन्यासमोर पगार जमा झाल्याची तारीख, त्या महिन्यातली दोन-चार चलनं, व्हॉट्सअॅपवरचे निरोप आणि केलेल्या कामाच्या दिवसांचा अंदाज लिहा. एखादा महिना रिकामा राहिला तर तो आत्ताच भरता येतो का पाहा. गाडीचालकाकडची चलनाची प्रत, लोकलचा किंवा बसचा पास, मोबाईलमधली ठिकाणांची नोंद यांतून खिंडार बुजवता येतं. आधीच्या वर्षांसाठी खातेउतारा आणि एखादा साक्षीदार बहुधा पुरतो.

सीसीटीव्हीचं चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत पुसलं जातं. ते महत्त्वाचं असेल तर "अमुक तारखांचं चित्रण आणि बोटाच्या ठशाची हजेरी जपून ठेवा" अशी लेखी मागणी पहिल्याच पत्रात करा. त्यांनी पुसलं तरी तुमची मागणी नोंदीवर राहते.

मोबाईलमधल्या पुराव्यांबाबत एक तांत्रिक काम आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली छापील निरोप, फोटो किंवा ध्वनिमुद्रणासोबत प्रमाणपत्र जोडायचं असतं. त्याचे दोन भाग असतात. एक उपकरण वापरणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास सांकेतिक क्रमांक, लिहावा लागतो. कामगार न्यायालयं पुराव्याच्या कायद्याला शब्दशः बांधलेली नसली तरी हे प्रमाणपत्र जोडाच, म्हणजे उलटतपासणीत "हे बनावट आहे" एवढ्यावर भागत नाही. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका, गटातून बाहेर पडण्याआधी सगळं संभाषण निर्यात करून घ्या. मालकाशी तुमचंच झालेलं बोलणं तुम्ही ध्वनिमुद्रित केलं असेल तर मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा. काटछाट केलेली फाईल पूर्ण प्रकरणाला डाग लावते.

आणि मालकाची मूळ पुस्तकं, नोंदवह्या उचलून आणू नका. चोरीची तक्रार झाली की लक्ष पगारावरून पोलीस ठाण्याकडे वळतं. पुस्तक कुठल्या कपाटात असतं, त्यावर काय लिहिलेलं असतं, कोण भरतं, एवढं टिपून ठेवा. मागणीच्या अर्जात तेच उपयोगी पडतं.

तिसरा प्रश्न: काय ठरलं होतं?

इथे थोडं कठोर बोलावं लागेल. कायद्याने मिळणाऱ्या गोष्टींना वचनाची गरज नाही. किमान वेतनापेक्षा कमी पगार तुम्ही तोंडी कबूल केला असला तरी किमान वेतन मिळालंच पाहिजे. पण त्यावरचं जे काही असेल, म्हणजे वाढ, कमिशन, "पुढे कायम करू", ते ठरलं होतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

आपल्या उदाहरणात दोन तोंडी गोष्टी आहेत: रोखीचे 6,000 आणि वर्षाने दोन हजारांची वाढ. रोखीच्या पैशांना आधार सापडण्याची शक्यता बरीच आहे. "बाकीचे सहा गल्ल्यातून घे" असा एखादा निरोप, रोख मिळाल्यावर त्याच दिवशी खात्यात भरलेली रक्कम, त्याच पद्धतीने पगार घेणारा जुना सहकारी, रोजच्या रोज लिहिलेली डायरी. मागाहून एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली डायरी मात्र उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. डायरी नसेल तर नवी बनवू नका.

वाढीचं काय? मालकाने एखाद्या महिन्यात तरी वाढीव पैसे दिले असते तर तोच पुरावा झाला असता. त्याने कधीच दिले नाहीत, कुठे लिहिलं नाही, साक्षीदार नाही. माझं मत स्पष्ट आहे: ही मागणी मुख्य दाव्यात पुढे आणू नये. एक न टिकणारी मागणी मालकाच्या वकिलाला तुम्हाला खोटं ठरवायची संधी देते आणि तुमच्या पक्क्या मागण्याही सैल होतात. मन मोठं करून दोन हजार सोडा आणि सहा हजारांसाठी घट्ट उभे राहा.

रोखीचं महत्त्व आकड्यांत बघा. 18,000 पगार सिद्ध झाला तर डिसेंबरचे 18,000, जानेवारीच्या 10 दिवसांचे सुमारे 5,800, नोटिशीच्या महिन्याचे 18,000 आणि भरपाई. सेवा 2 वर्षं 10 महिने, म्हणजे 3 वर्षं धरायची, वर्षामागे 15 दिवसांचे 9,000, एकूण 27,000. बेरीज सुमारे 68,800. फक्त बँकेतले 12,000 सिद्ध झाले तर हीच बेरीज 45,900 च्या आसपास येते. रोख सहा हजारांचा एक निरोप शोधायला घालवलेली संध्याकाळ जवळपास 23,000 रुपयांची असते. ग्रॅच्युइटी इथे बसत नाही, कारण त्यासाठी साधारणपणे पाच वर्षं लागतात.

"उद्यापासून येऊ नकोस" म्हटल्यावरचे दिवस

पुढची सगळी लढाई या काही दिवसांवर उभी राहते. मालकाचा हमखास बचाव असतो, "आम्ही काढलंच नाही, तोच सोडून गेला." तो बंद करायचा उपाय साधा आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर जा. दारातून परत पाठवलं तर भांडू नका. तिथूनच मालकाला निरोप पाठवा: "आज सकाळी साडेआठला कामावर आलो होतो. अमुक यांनी आत सोडलं नाही. मी काम करायला तयार आहे." उत्तर आलं नाही तरी चालेल, निरोप पोचल्याची खूण दिसली की झालं.

हिशेब मिटवण्याच्या नावाखाली पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर किंवा "सर्व देणी मिळाली" अशा पावतीवर सही करू नका. घरची चूल पेटवायला पैसे घ्यावेच लागले तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा: "फक्त डिसेंबरच्या पगारापोटी, हक्क राखून, अमुक रुपये मिळाले." आणि त्या कागदाचा फोटो घ्या.

आठवड्याच्या आत लेखी मागणीपत्र पाठवा. स्पीड पोस्टने, पोच घेऊन, आस्थापनेच्या नावाने आणि मालकाच्या नावाने दोन वेगळी पत्रं. पत्रात शिव्याशाप, इतिहास काही नको. कधीपासून, काय काम, कोणाच्या हाताखाली, पगार किती आणि कसा मिळायचा, शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा, कधी आणि कोणत्या शब्दांत काढलं, दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा काय झालं. मग मागण्या: कामावर परत घ्या, थकलेला पगार द्या, नेमणूकपत्र आणि पगारपावत्या द्या. गाभा साधारण असा असावा:

"मी आपल्या गोदामात दि. 1 मार्च 2023 पासून माल तपासणी व रवानगीचे काम सलग करीत होतो. माझा मासिक पगार 18,000 रुपये असून त्यापैकी 12,000 बँकेत व 6,000 रोख मिळत असत. आपण मला नेमणूकपत्र वा पगारपावती कधीही दिली नाही. दि. 10 जानेवारी 2026 रोजी कोणतेही कारण, नोटीस व भरपाई न देता मला तोंडी कामावरून काढले. मी आजही कामावर हजर होण्यास तयार आहे."

या पत्रातल्या तारखा आणि आकडे पुढे प्रत्येक अर्जात, शपथपत्रात, साक्षीत तेच राहिले पाहिजेत. एका ठिकाणी मार्च आणि दुसऱ्या ठिकाणी एप्रिल लिहिलं की उलटतपासणी तिथूनच सुरू होते. नेमकी तारीख आठवत नसेल तर "मार्च 2023 च्या पहिल्या आठवड्यापासून" असं लिहा.

कुठे, काय मागायचं

दोन वेगळे रस्ते आहेत आणि ते दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

पहिला पगाराचा. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळाला पाहिजे, आणि कामावरून काढलं तर सगळं देणं दोन कामाच्या दिवसांत. थकलेल्या किंवा कमी दिलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत जिल्ह्याच्या कामगार कार्यालयामार्फत नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे करता येतो. थकबाकीशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे. या रस्त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे पगार दिला होता हे सिद्ध करण्याचं ओझं संहितेने मालकावर टाकलं आहे. तुम्ही तिथे काम करत होतात एवढं दाखवलं की "पैसे दिले" याचा पुरावा त्याला आणावा लागतो, आणि पगारपत्रक ठेवलं नसेल तर तो अडचणीत येतो. हा रस्ता व्यवस्थापक, पर्यवेक्षक अशांनाही खुला आहे. कामावरून काढण्याच्या वादात मात्र व्यवस्थापकीय माणसं आणि 18,000 हून जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक "कामगार" या व्याख्येत बसत नाहीत.

दुसरा कामावरून काढल्याचा. त्यासाठी कामगार कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. औद्योगिक संबंध संहितेत वाद उपस्थित झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कार्यवाही घेता येत नाही, पण तेवढं थांबूच नका. पुरावे आणि साक्षीदार दोन्ही वाळत जातात. समेट न झाल्यास अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ही तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. मुख्य मागणी "सेवेच्या सातत्यासह आणि मागील पगारासह परत घ्या" हीच ठेवा. वर काढलेले 68,800 हा तडजोडीत त्याखाली न जाण्याचा आकडा समजा. आणि काढल्यानंतर दुसरं कायम काम मिळालेलं नाही, हे अर्जातच शपथेवर सांगा, नाहीतर मागील पगार मिळणं अवघड होतं. किरकोळ काम केलं असेल तर तेही खरं सांगा.

समेटाच्या बैठकीत मालक अनेकदा अचानक म्हणतो, "येऊ दे की, कोणी अडवलंय?" अधिकाऱ्याला ते लिहून घ्यायला सांगा, कोणत्या दिवशी किती वाजता हजर व्हायचं तेही लिहून घ्या, आणि त्या दिवशी नक्की जा. न गेलात तर "सोडून गेला" हे त्याचं म्हणणं खरं ठरतं. गेलात आणि पुन्हा अडवलं तर तुमची बाजू दुप्पट भक्कम होते.

महाराष्ट्रातला एक खड्डा आवर्जून सांगायला हवा. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या 1971 च्या राज्य कायद्याखाली 90 दिवसांत तक्रार करता येते, आणि लवकर अंतरिम आदेश मिळेल या आशेने लोक तिकडे धावतात. पण मालक जर "हा आमचा कामगारच नाही" म्हणत असेल, तर तो वाद त्या तक्रारीत ठरवता येत नाही. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच दोन प्रकरणांत हे स्पष्ट केलं आहे. नातं आधी मान्य किंवा सिद्ध असावं लागतं. कागद नसलेल्या माणसाने त्या रस्त्याने गेल्यास वर्षं जातात आणि तक्रार त्या एका मुद्द्यावर पडते. तुमच्या बाबतीत नातंच वादात असेल तर आधी सांगितलेले दोन रस्तेच धरा.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 खाली औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तो आहे. ही सोय न वापरणारे फार लोक पाहायला मिळतात.

न्यायालयात: मालकाचीच पुस्तकं

साक्ष सुरू होण्याआधी कागद हजर करण्याचा अर्ज द्या. "सगळी कागदपत्रं" असं मोघम मागितलं तर काही येत नाही. जानेवारी 2025 ते जानेवारी 2026 चं हजेरीपुस्तक, त्याच काळाचं पगारपत्रक, बोटाच्या ठशाची हजेरी, रवानगीची चलनपुस्तकं, भविष्य निर्वाह निधीच्या दरमहाच्या भरण्याच्या याद्या, असं नावानिशी आणि काळानिशी मागा. न्यायालयाने आदेश देऊनही मालकाने दिली नाहीत तर विरोधी निष्कर्षाची मागणी लेखी करा. हा अर्जच न देता शेवटी "त्यांनी पुस्तकं आणली नाहीत" म्हटलं तर त्याला फारसं वजन नसतं.

कधी कधी पुस्तकं येतात आणि त्यात तुमचं नावच नसतं. तेव्हा चलनांवरच्या सह्या कामाला येतात. चलनावर तुमची सही, त्याच दिवशीच्या हजेरीपुस्तकात तुम्ही नाही, आणि माल तर उतरवलेला. मग तो कोणी उतरवला, असा प्रश्न मालकाला उलटतपासणीत विचारायचा. त्याच ओघात, दर महिन्याला 12,000 कशाचे पाठवले, गोदामाच्या किल्ल्या कोणाकडे असायच्या, रजा नाकारणारा निरोप कोणी लिहिला. प्रत्येक प्रश्नासोबत तुमच्याकडे एक कागद असला पाहिजे.

तडजोड कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते आणि बऱ्याचदा तीच शहाणपणाची असते. ती समेट अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयातच लिहून घ्या. रक्कम कशी आणि कधी मिळणार ते त्यात असू द्या, आणि दावा मागे घेण्याची सही धनादेश वटल्यावर करा. तडजोडीच्या कागदात "कोणताही संबंध मान्य न करता" असं वाक्य घालायचा मालकाचा आग्रह असतो. पैशांपुरतं ते चालेल, पण तुमचा निधीचा दावा शिल्लक असेल तर ते वाक्य स्वीकारू नका. त्याऐवजी "1 मार्च 2023 ते 10 जानेवारी 2026 या काळात माल तपासनीस म्हणून काम केले" एवढं एक वाक्य आणि तसं अनुभवपत्र मागून घ्या. निधीच्या कार्यालयातही तो कागद लागतो आणि पुढच्या नोकरीतही.